गुरुवारचा बुधवार

बुधवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी शेअर दलालाच्या कार्यालयात, ग्राहकांच्या ऑर्डरी लावणाऱ्या डीलरच्या पडद्यावर एकच ओळ उरली होती. सकाळी अशा ओळी अठ्ठेचाळीस होत्या. प्रत्येक ओळ म्हणजे एका ग्राहकाचा, या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी संपणारा करार. पण या वेळी गुरुवारी सार्वजनिक सुट्टी होती, बाजार बंद राहणार होता, त्यामुळे सगळे करार एक दिवस आधी, म्हणजे आजच साडेतीनला संपणार होते. हे बहुतेकांना माहीत होतं. ज्यांना नव्हतं त्यांना डीलरने सोमवारपासून फोन करून सांगितलं होतं. कुणी करार विकून टाकले होते, कुणी पुढच्या महिन्यात सरकवले होते, आणि दोघांनी काय करायचं ते कळत नसल्यामुळे तिलाच चार गोष्टी सुनावून मग विकले होते.

कार्यालय दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत डीलर, तिचे दोन पडदे, आणि ज्याच्यावरचं प्रत्येक बोलणं नोंदवलं जातं असा एक फोन. आतल्या खोलीत मालक. त्यांना सगळे दादा म्हणत. दादांची एक सवय होती. एक्स्पायरीच्या, म्हणजे करार संपण्याच्या दिवशी ते जेवत नसत, आणि जेवत नाही असं दर अर्ध्या तासाने सांगत.

“कोण राहिलंय?” दादांनी आतून विचारलं.

“पंपवाल्या काकू.”

दादा उठून बाहेर आले.

काकूंना कार्यालयात सगळेच ओळखत. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी एकोणतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. चालू पंपावर लाकडी दांडी टेकवून तिचं दुसरं टोक कानाला लावायचं आणि आत काय चुकतंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. कंपनीने कर्मचाऱ्यांना वेळोवेळी शेअर दिले, त्यातले एकही न विकता काकूंनी साठवले. ते आता बरोबर सहाशे झाले होते. भाव वर गेला म्हणून त्या कधी हरखल्या नाहीत आणि खाली आला म्हणून कधी फोन केला नाही. वर्षातून एकदा भागधारकांची सभा असते, तिला जाता यावं एवढ्यासाठी त्यांना शेअर हवे होते. तिथे जुन्या मैत्रिणी भेटत. शिवाय दोन वर्षांपूर्वी कंपनीने पंपाच्या आतलं पितळी चाक काढून प्लास्टिकचं बसवलं होतं, आणि ते का, हे काकूंना अध्यक्षांना तोंडावर विचारायचं होतं. गेल्या वर्षी त्यांचा नंबर येईपर्यंत माइक बंद झाला होता. या वर्षी त्यांनी आगाऊ नाव नोंदवलं होतं आणि तीन मिनिटं मिळवली होती.

सभेला कोण येऊ शकतं, हे येत्या शुक्रवारच्या नोंदीवरून ठरणार होतं. त्या दिवशी ज्याच्या नावावर निदान एक शेअर असेल तोच आत जाणार.

आणि काकूंच्या नावावर एक करारही होता. तो काकांच्या डोक्यातून निघालेला. काका वीज कंपनीच्या बिल विभागात चौतीस वर्षं होते आणि कार्यालयात त्यांचं नाव मुदतकाका असं पडलं होतं. कारण कुठल्याही गोष्टीची शेवटची तारीख त्यांना तोंडपाठ असे. कंपनीचे निकाल वाईट येणार असं कुठेतरी वाचून त्यांनी महिन्याच्या सुरुवातीला काकूंना पुट घ्यायला लावला. पुट म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क. भाव पडला तरी चारशेला विकता येईल, अशी सोय. एका करारात, म्हणजे एका लॉटमध्ये सहाशे शेअर, काकूंचेही सहाशेच. हे जुळलेलं पाहून काका फार खूश झाले होते.

निकाल वाईट आले. भाव तीनशे चौऱ्याऐंशीवर आला. आता हा हक्क वेळेत विकला तर त्याचे शेअरमागे सोळाच्या आसपास रुपये मिळणार होते, शेअर काकूंकडेच राहणार होते आणि सगळं ठीक होणार होतं. पण तो न विकता संपू दिला, तर हक्क आपोआप वापरला गेला असं धरलं जाणार होतं. शेअरच्या करारांत शेवटी नुसता पैशांचा फरक देऊन भागत नाही, खरे शेअर द्यावे लागतात. शुक्रवारी काकूंच्या खात्यातून सहाशेच्या सहाशे शेअर निघून गेले असते.

दादांनी पडद्याकडे पाहिलं आणि हिशेब केला. चारशेने शेअर गेले काय किंवा पुट विकून शेअर राहिले काय, पैशांत म्हणावा तसा फरक पडत नाही, असं ते म्हणाले. यंत्रणाही ओरडत नाही, कारण द्यायचा माल खात्यातच आहे, म्हणजे धोका नाही.

“यंत्रणेला धोका नाही,” डीलर म्हणाली. “काकूंना आहे. त्यांना पैसे नको आहेत दादा, माइक हवाय.”

तिने सोमवारीच फोन केला होता. काका बोलले होते, काकूंच्या फोनवर तेच बोलत. शेवटच्या दिवशी विकायचं ठरलंय, शेवटचा दिवस मला माहीत आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, आणि तिने यादीत त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली होती. कोणता दिवस, हे तिने विचारलं नव्हतं. मुदतकाकांना तारीख विचारणं म्हणजे आचाऱ्याला मीठ ओळखता का विचारण्यासारखं होतं. आता ती खूण तिला टोचत होती.

दोन बेचाळीसला तिने नोंदणीच्या फोनवरून काकूंचा नंबर लावला. काकांनीच उचलला. ते दंतवैद्याच्या दवाखान्यात होते. काकू आत खुर्चीवर होत्या, दाढेचं रूट कॅनाल चाललं होतं.

“काका, तो पुट अजून तसाच आहे.”

“असणारच. दोन दिवस आहेत अजून. भाव आणखी पडेल, बघ तू.”

“दोन दिवस नाहीत. आज साडेतीनला संपतोय.”

काका हसले. अगदी प्रेमाने हसले. मग त्यांनी तिला समजावून सांगितलं, की शेवटची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर ती पुढच्या कामाच्या दिवशी जाते, हे जगात सगळीकडे असंच असतं. त्यांच्या खिडकीवर असा एकही माणूस आला नाही, की ज्याच्याकडून सुट्टीमुळे दंड घेतला गेला. गुरुवारी सुट्टी, म्हणजे शुक्रवार. त्यांनी शुक्रवारी सकाळी दहाचा गजरसुद्धा लावून ठेवला होता.

डीलरने विचारलं, महिन्याच्या सुरुवातीला व्यवहाराचा कागद पाठवला होता, त्यावर तारीख छापली होती, ती पाहिली का?

“पाहिली ना. तुमच्याकडे छपाईची चूक झाली होती. बुधवारची तारीख पडली होती. मी लाल पेनाने दुरुस्त करून फाइलला लावलीय.”

दादांनी डोक्याला हात लावला. डीलरच्या शेजारी ते स्टूल घेऊन बसले होते आणि फोनच्या स्पीकरवरून सगळं ऐकत होते.

“आणि मेसेज? कालपासून तीन गेले.”

“ते फसवणुकीचे असतात. आज संपतंय, ताबडतोब करा, असं जो म्हणतो तो चोर असतो. पेपरात येतं की.”

एरवी डीलर स्वतःच ग्राहकांना हेच सांगत असे. दोन पन्नास झाले होते. नियम वाचून दाखवला तर काका नियमाशी वाद घालतील हे तिला दिसत होतं. त्या वादात ते चौतीस वर्षं मुरलेले होते. तिने वेगळीकडून सुरुवात केली.

“काका, बिलाची तारीख कशासाठी असते? लोकांनी पैसे भरावेत म्हणून. खिडकी बंद असली तर भरता येत नाही, म्हणून तुम्ही सवलत देता. बरोबर?”

“बरोबर.”

“हे बिल नाही. ही दुधाच्या पिशवीवरची तारीख आहे. गुरुवारपर्यंत चांगलं, असं लिहिलंय, आणि गुरुवारी तुम्ही घराला कुलूप लावून गावाला जाणार आहात. मग दूध कधी प्याल? शुक्रवारी येऊन?”

दवाखान्यातला पंखा ऐकू येत होता.

“बुधवारी,” काका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “पण हे आधीच का नाही सांगितलं कुणी?”

दादांनी तोंड उघडलं. डीलरने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी ते मिटलं.

“माझी चूक झाली,” ती म्हणाली. “सोमवारी मी तारीख उच्चारून विचारायला हवी होती. आता भांडायला वेळ नाही, शुक्रवारी भांडू. शेअर गेले तर काकूंचं नाव शुक्रवारच्या नोंदीत नसेल. तेव्हा एक जरी शेअर विकत घेतला तरी तो सोमवारी खात्यात येईल. सभेचं दार बंद.”

मुदतकाकांना आतापर्यंत भाव दिसत होता. आता त्यांना बायको दिसली. आवाज एकदम बारीक झाला. “विक मग. मी सांगतो, विक.”

“तुमच्या सांगण्यावर नाही विकता येत. खातं काकूंचं आहे. ऑर्डर त्यांच्या तोंडून हवी, याच फोनवर.”

“तिच्या तोंडात आत्ता तीन माणसांचं सामान आहे.”

कार्यालयात ऑर्डर दोनच प्रकारे घ्यायची पद्धत होती. नोंदणीच्या फोनवर बोलून, नाहीतर सही करून कागदावर. काकूंनी ईमेल कधी दिला नव्हता आणि मोबाइलवरून स्वतः व्यवहार करायची सोय घेतली नव्हती. दवाखाना पाऊण तासाच्या अंतरावर होता. दोन छप्पन झाले होते.

डीलरने काकांना फोन घेऊन आत जायला सांगितलं. आत जायची परवानगी नाही, असं काका म्हणाले. बाहेर पाटी लावलीय, तिच्यावर लिहिलंय. ती पाटी बाजूला सारण्याचं काम अखेर दादांनी केलं. स्पीकरवर वाकून ते म्हणाले, “काका, मी तुमच्या पाया पडतो, दार ढकला.”

दार ढकलल्याचा आवाज आला. मग दंतवैद्य बाई अतिशय शांत स्वरात काहीतरी म्हणाल्या, काका अजिजीने काहीतरी म्हणाले, आणि थोड्या वेळाने बाईच फोनवर आल्या. त्यांनी परिस्थिती नेमकी सांगितली. डाव्या खालच्या दाढेत काम अर्ध्यावर आहे, तोंडात रबराचा पडदा आणि क्लँप आहे, जबडा उघडा ठेवायला ठोकळा लावलाय, अर्धा ओठ बधिर आहे. हे काढून बोलू द्यायचं तर पुन्हा सगळं निर्जंतुक करावं लागेल, त्यापेक्षा अर्ध्या तासात काम संपतंय, तेव्हा बोलावं.

“तीन सव्वीस होतील,” डीलर घड्याळाकडे पाहत म्हणाली. “शेवटच्या चार मिनिटांत या पुटाला गिऱ्हाईक असेलच असं नाही. त्यांना ऐकू येतंय ना?”

“ऐकू येतंय. सगळं ऐकलंय त्यांनी. नवऱ्याकडे ज्या नजरेने बघतायत ती तुम्हाला दिसायला हवी होती.”

डीलरने डोळे मिटले आणि दुसरीच गोष्ट विचारात घेतली. ओठ जुळत नाहीत म्हणजे प, ब, म निघणार नाहीत. पुट नाही, पंप नाही, पंधरा नाही. ऑर्डरमधला कामाचा एकही शब्द काकूंना म्हणता येणार नव्हता. पण ‘हा’ला ओठ लागत नाहीत. ‘ना’ला जीभ पुरते.

“बाई, त्यांची जीभ हलतेय?”

“उजवीकडून थोडी हलतेय.”

“मग फोन त्यांच्या कानाशी धरा. काकू, मी विचारते, तुम्ही फक्त हा किंवा ना म्हणा.”

दादा कुजबुजले, की नुसत्या हा-हा वर उद्या कुणी तपासायला आलं तर काय सांगायचं, गुदगुल्या केल्या तरी माणूस हा-हा करतो. डीलरने मान डोलवली. तिला तेच सुचलं होतं. हो म्हणणारा माणूस योग्य जागी नाही म्हणतो की नाही, हे पाहिल्याशिवाय त्याच्या होकाराला किंमत नाही. तिने पडद्यावर काकूंचं खातं उघडलं आणि सुरुवात केली.

“काकू, तुमचा जन्म मार्चमधला?”

“ना.”

“जूनमधला?”

“ना.”

“सप्टेंबर, एकोणीस तारीख?”

“हा.”

“तुमच्याकडे चारशेवीसचा पुट आहे?”

“ना. ना.” दुसरा ना जरा रागावलेला होता.

“चारशेचा?”

“हा.”

“आणखी एक लॉट विकत घ्यायचा आहे?”

यावर काकूंनी जो आवाज काढला तो ना होता यात कुणालाही शंका राहिली नसती. दंतवैद्य बाईंनी त्यांना हलू नका असं सांगितलं.

“आहे तो एक लॉट, सहाशे, विकायचा?”

“हा.”

“पंधराला लावते. पंधराला कुणी घेतला नाही, तर चौदापर्यंत खाली येऊ?”

“हा.”

“शेअर विकायचे आहेत?”

“ना.” आणि मग, कुणी विचारलं नसताना, सावकाश, एकेक अक्षर सोडवत, “ए-कही ना-ही.”

पाठीमागे काकांनी नाक ओढल्याचं ऐकू आलं.

डीलरने ऑर्डर पुन्हा एकदा सलग वाचून दाखवली, शेवटचा ‘हा’ घेतला आणि तीन वाजून चार मिनिटांनी ती लावली. फोन काकूंच्या कानापासून काकांच्या हातात गेला आणि चालूच राहिला. दादांनी स्टूल आणखी पुढे ओढलं.

पडद्यावर विकणारे तिघं होते, घेणारा एक, चौदा सत्तरवर. एक्स्पायरीच्या दिवशी असंच होतं. ज्याला सुटायचं असतं तो घाईत असतो आणि ज्याला घ्यायचं असतं त्याला ते ठाऊक असतं. शेअर तीनशे चौऱ्याऐंशीवर रेंगाळत होता. तीन दहा झाले, पंधराला कुणी हात लावला नाही. तीन चौदाला घेणारा चौदा साठवर उतरला. काका दर मिनिटाला झालं का विचारत होते. दादांनी पुन्हा एकदा जेवलो नसल्याचं सांगितलं.

तीन सतराला डीलरने विचार केला, की चाळीस पैशांसाठी माइक घालवण्यात अर्थ नाही. काकूंनी चौदापर्यंतची मोकळीक दिलीच होती. तिने भाव बदलून चौदा साठ केला. ओळ एकदा लुकलुकली आणि पडद्यावरून गेली. अठ्ठेचाळीसातली शेवटची.

“झालं,” ती म्हणाली.

काकांनी ते दवाखान्यात मोठ्याने सांगितलं असावं, कारण आतून काकूंचा एक लांब ‘हा’ आला आणि पाठोपाठ दंतवैद्य बाई म्हणाल्या, की आता कृपया सगळ्यांनी बाहेर व्हा.

शुक्रवारी दुपारी दोघंही कार्यालयात आले. काकूंचा गाल अजून थोडा सुजलेला होता. काकांच्या हातात ती फाइल होती. त्यांनी कागद काढला, लाल शुक्रवार खोडला, त्याखाली ‘मूळ छपाई बरोबर’ असं लिहून सही केली, आणि कागद डीलरपुढे ठेवून तिची प्रतिसही मागितली. तिने केली. मग त्यांनी खिशातून पुढच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं, शेवटचे गुरुवार आणि सुट्ट्या यांचं टिपण केलं होतं ते दाखवलं. दोन ठिकाणी बुधवार होता. एका ठिकाणी बुधवारीही सुट्टी होती, तिथे त्यांनी मंगळवार केला होता.

“बरोबर?” त्यांनी विचारलं.

तिने तपासलं. बरोबर होतं. काका खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर, एक नवा नियम पाठ झाल्याचं समाधान होतं.

काकूंना मात्र ते ध्वनिमुद्रण ऐकायचं होतं. दादांनी आधी आढेवेढे घेतले, मग दार लावून ऐकवलं. पहिल्या ‘ना’लाच काकू हसायला लागल्या, गाल दुखला म्हणून त्यांनी तो हाताने धरला, आणि जास्तच हसल्या. जन्मतारखेच्या ‘हा’ला काका म्हणाले, ऐकायला अगदी लग्नाच्या वेळी दिला होतास तसा होकार आहे.

“तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती,” काकू म्हणाल्या. “हिने विचारलं तसं कुणी विचारलं असतं तर?”

डीलरने खातं उघडून दाखवलं. सहाशे शेअर जागच्या जागी होते आणि आजची तारीख होती. काकूंनी पडद्यावरच्या आकड्याखाली बोट ठेवलं, जरा वेळ तसंच ठेवलं. मग पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला आणि डीलरला घड्याळ लावायला सांगितलं.

कागदावर सभेतलं भाषण होतं. सुरुवातीला अध्यक्षमहोदय आणि संचालकांना वंदन, मग एकोणतीस वर्षांची सेवा, पहिला पंप कसा ऐकला, वरिष्ठांचे आभार, आणि अखेरीस प्लास्टिकच्या चाकाचा प्रश्न. काकूंनी खणखणीत वाचलं. प, ब, म सगळे नीट निघाले. तीन मिनिटं झाली तेव्हा त्या आभारांवर होत्या. प्रश्न यायला आणखी पन्नास सेकंद लागले.

काका म्हणाले, एक मिनिट वाढवून मागूया, अर्ज मी लिहितो. असा अर्ज कुणी नाकारत नाही.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. दंतवैद्य बाईंनी सांगितलेली नजर हीच असावी, असं डीलरला वाटलं. मग त्यांनी टेबलावरचं लाल पेन घेतलं, शेवटचा परिच्छेद गोल करून त्यातून एक बाण थेट कागदाच्या वरच्या टोकाला नेला, आणि अध्यक्षमहोदयांना सगळ्यात खाली ढकलून कंसात लिहिलं, वेळ उरल्यास.

“लाव पुन्हा घड्याळ,” त्या म्हणाल्या.